‘एकूण उपलब्ध बाजारपेठ’ आणि ‘आजीवन मूल्य’: अनुवादात हरवणारा हिशेब

पशुखाद्य थेट दूध उत्पादकांच्या गोठ्यापर्यंत पोहोचवणाऱ्या एका नव्या कंपनीचे गुंतवणूकदारांपुढचे सादरीकरण नुकतेच मी मराठीत आणले. समोर बसणारी मंडळी व्यापारी, डॉक्टर आणि बागायतदार होती. स्वतःचा पैसा घालणारी, आणि हिशेब मराठीतच करणारी. त्या कामात माझे एक मत पक्के झाले, ते असे की बाजारपेठेचा आकार आणि एका ग्राहकामागचा हिशेब दाखवणाऱ्या स्लाइडचा शब्दशः अनुवाद करू नये. अनुवादकाने आकडेमोड पुन्हा करून पाहावी आणि मगच शब्द निवडावेत.

माझ्या हाती एक कच्चा मराठी मसुदा आधीच आला होता. त्यात टॅमसाठी, म्हणजे इंग्रजीतल्या ‘टोटल अ‍ॅड्रेसेबल मार्केट’साठी, ‘एकूण उपलब्ध बाजारपेठ’ असे लिहिले होते. मराठी माणूस ‘उपलब्ध’ हा शब्द वाचतो तेव्हा ती गोष्ट आपल्याला मिळू शकते असे समजतो. टॅम म्हणजे मात्र त्या प्रकारच्या मालाची सगळ्यांनी मिळून केलेली वर्षाची खरेदी, मग ती कोणाकडूनही झालेली असो. त्याच ओळीत १.२ बिलियन डॉलरचे ‘१२ कोटी डॉलर’ झाले होते. बिलियन म्हणजे शंभर कोटी, त्यामुळे तिथे १२० कोटी डॉलर हवे होते. दशांशचिन्हापाशी हात घसरला की आकडा असा दहापट चुकतो. मी तो आकडा रुपयांत आणला आणि डॉलरचा कोणत्या तारखेचा दर धरला तेही तळाशी लिहिले.

त्यानंतर संस्थापकांना विनंती करून खालून वर जाणारा हिशेब मांडून घेतला. कंपनीची गाडी पोहोचू शकेल अशा तालुक्यांत त्यांच्या मोजणीप्रमाणे २०,००० उत्पादक आहेत आणि प्रत्येकाची महिन्याची खरेदी सुमारे १२,००० रुपये आहे, म्हणजे वर्षाला २८८ कोटी. त्यांतले १,५०० उत्पादक तीन वर्षांत जोडले जातील असा अंदाज होता, म्हणजे वर्षाची २१ कोटी ६० लाखांची विक्री. हे दोन आकडे समोरचा माणूस स्वतः तपासू शकतो, कारण त्याच्या तालुक्यात गोठे किती आणि कसे आहेत हे त्याला ठाऊक असते.

खरी अडचण दुसऱ्या स्लाइडवर होती. मसुद्यात ‘एकक अर्थशास्त्र’, ‘ग्राहक अधिग्रहण खर्च’ आणि ‘ग्राहकाचे आजीवन मूल्य: २,४०,००० रुपये’ असे शब्द होते. अधिग्रहण म्हटले की सरकार किंवा मोठी कंपनी काहीतरी ताब्यात घेते आहे असे वाटते, आणि ‘आजीवन’वरून विम्याची किंवा सभासदत्वाची आठवण होते. मी ‘एक नवा ग्राहक जोडायचा खर्च’ आणि ‘एक ग्राहक टिकेल तोवर त्याच्यामागे आपल्याकडे उरणारी रक्कम’ असे लिहायला घेतले आणि दुसऱ्या वाक्यातल्या ‘उरणारी’ या शब्दापाशी थांबलो. दोन लाख चाळीस हजार उरतात कुठे?

संस्थापकांना विचारल्यावर उलगडा झाला. दरमहा ५ टक्के ग्राहक गळतात, म्हणून ग्राहक सरासरी २० महिने टिकतो असे धरले होते, आणि त्या २० महिन्यांना पूर्ण बिलाने गुणले होते. प्रत्यक्षात १२,००० रुपयांच्या बिलातून १०,८०० रुपये मालाचे, ६०० वाहतुकीचे आणि १०० वसुलीचे व नासधुशीचे जातात. उरतात ५०० रुपये. वीस महिन्यांचे होतात १०,०००. ग्राहक जोडायला ३,००० रुपये लागतात, त्यामुळे स्लाइडवर ऐंशीपट दिसणारा परतावा साधारण सव्वातीनपट निघाला. तो वाईट मुळीच नाही, पण गोष्ट निराळी आहे. ३,००० रुपये सहा महिन्यांत सुटतात हे विधानही मी बदलून घेतले, कारण दरम्यान काही ग्राहक गळतातच. ती गळती धरली तर जवळपास सात महिने लागतात.

एका शब्दावर मात्र आमचा बराच वाद झाला. त्या ५०० रुपयांना संस्थापकांना ‘नफा’ म्हणायचे होते. माझा विरोध होता, कारण मराठी व्यापारी नफा म्हणतो तेव्हा गोदामाचे भाडे, पगार आणि व्याज वजा झालेले असते. १,५०० ग्राहकांचे वर्षाला ९० लाख रुपये उरतील, आणि कंपनीचा अंदाजित स्थिर खर्च होता १ कोटी १० लाख, म्हणजे ती २० लाखांनी तोट्यातच राहणार. अखेर आम्ही ‘ग्राहकामागची शिल्लक (स्थिर खर्च वजा करण्यापूर्वी)’ असे लिहिले, आणि त्याखाली एक ओळ वाढवली: स्थिर खर्च तेवढाच राहिला तर तो भरून निघायला सुमारे १,८३४ ग्राहक लागतील.

बैठकीत सर्वांत जास्त वेळ त्याच ओळीवर चर्चा झाली. एका गृहस्थांनी विचारले की ग्राहक तीनशेहून अधिक वाढले तर गाडी एकच पुरेल का. संस्थापकांनी दुसऱ्या गाडीचा खर्च धरलेला नव्हता, आणि तो धरून नवा तक्ता पाठवायचे त्यांनी तिथेच कबूल केले.