फक्त आवाज टाकायचाय

“शूटिंग सगळं तयार आहे हो, तुम्ही फक्त आवाज टाकायचाय,” असं फोनवर कुणी म्हणालं, की मी आधी पाणी पिऊन घेतो. ‘फक्त’ म्हणणारा माणूस ‘सगळं’ कशाला म्हणतो, हे पेन ड्राइव्ह उघडेपर्यंत कळत नाही.

मी जाहिरातींची निवेदनं लिहितो. या वेळी फोन करणारे गृहस्थ वसईच्या औद्योगिक वसाहतीत घरघंट्या बनवतात. त्यांना दोन मिनिटांची जाहिरात हवी होती. नवीन काहीही शूट करायचं नाही, जे आहे त्यातूनच. ‘जे आहे’ म्हणजे कारखान्यातले काही शॉट, ठाण्याच्या एका प्रदर्शनात पुतण्याने मोबाइल उभा धरून काढलेले व्हिडिओ आणि कुठल्या तरी दिवाळीत स्वयंपाकघरात केलेलं बरं शूटिंग. त्यातल्या घरघंटीला लाल बटण आहे. आता विकायला आहे ती निळ्या बटणाची. सोबत मालकांनी स्वतः लिहिलेला मजकूर होता, 412 शब्दांचा. “हा जरा मराठीत करून दोन मिनिटांत बसवा,” एवढीच सूचना. मजकूर मराठीतच होता.

आता हिशेब बघा. मराठी निवेदन माणसासारखं वाचायचं तर सेकंदाला सरासरी दोन शब्द होतात. 412 शब्दांना जवळजवळ साडेतीन मिनिटं. आणि दोन मिनिटं ही काही अख्खी दोन मिनिटं नसतात. सुरुवातीचे चार सेकंद संगीताचे, शेवटचे आठ नाव-पत्त्याचे, उरले 108. त्यात 216 शब्द मावतात, पण मग निवेदिकेने श्वास शेवटच्या लोकलच्या आधी घ्यायचा की नंतर, ते ठरवावं लागेल. म्हणून पाव भाग मोकळा सोडायचा. राहिले साधारण 160. मालकांना हे सांगितलं तर म्हणाले, “मग ताईंना जरा भरभर वाचायला सांगा ना.”

शब्द मोजण्यातही गोम आहे. ‘18,499’ हा कॉम्प्युटरच्या लेखी एक शब्द. तोंडाने म्हणा: अठरा हजार चारशे नव्व्याण्णव रुपये. तीन सेकंद गेले. मोबाइल नंबर म्हणजे दहा आकडे, पाच-सहा सेकंद, आणि तो ऐकून आजवर कुणी लिहून घेतलेला नाही. तो पडद्यावर दिसू द्यावा, बोलू नये. म्हणूनच माझ्या धंद्यात मनातल्या मनात वाचलेलं धरत नाहीत. मन आकड्यांवरून नुसतं घसरत जातं. मोठ्याने वाचायचं आणि स्टॉपवॉच लावायचं. मी हे अंधेरीच्या गाडीत, दारापाशी उभा राहून करतो. “गहू. बाजरी. हरभऱ्याची डाळ,” असं म्हणून घड्याळ बघणाऱ्या माणसाला दादरच्या गर्दीतही थोडी जागा मिळते, हा या व्यवसायातला एकमेव भत्ता.

एडिटरकडे बसल्यावर पहिलं काम म्हणजे आवाज बंद करून सगळे तुकडे बघणं आणि कागदावर दोन रकाने पाडणं. डावीकडे कुठल्या सेकंदापासून कुठल्या सेकंदापर्यंत काय दिसतं, उजवीकडे तिथे काय ऐकू येणार. उजवा रकाना डाव्यापेक्षा लांब झाला, की समजावं इथे गडबड आहे.

उदाहरणार्थ जाळीचा शॉट. बाई एक जाळी काढतात, दुसरी बसवतात. चार सेकंद. मालकांचं वाक्य होतं: “वेगवेगळ्या जाड-बारीक पिठासाठी सोबत मिळणाऱ्या विविध जाळ्या गृहिणींना अगदी सहजपणे बदलता येतात.” हे वाचायला सहा-सात सेकंद लागतात. शिवाय मराठीत क्रियापद शेवटी बसतं, त्यामुळे ‘बदलता येतात’ येईपर्यंत बाईंनी जाळी बदलून, पीठ पाडून, कणीक भिजवायला घेतलेली असते. “शॉट लांबव,” मी एडिटरला म्हटलं. तो म्हणाला, “लांबवला तर पुढे त्या कॅमेऱ्याकडे बघून ‘झालं का?’ विचारतात.”

मग वाक्यच मोडलं. “रवा हवाय? जाळी बदला.” चार शब्द, दोन सेकंद. उरलेल्या दोन सेकंदांत जाळी बसल्याचा खट् असा मूळ आवाज ऐकू येतो, आणि ‘सहजपणे’ हे त्या खट्मधेच येतं. धान्यांचंही तसंच केलं. “गव्हापासून बाजरीपर्यंत सर्व प्रकारची धान्ये” हे काढून एकेका शॉटवर एकेक नाव ठेवलं. तेसुद्धा कटच्या क्षणी नाही, दहा-बारा फ्रेम उशिरा. सेकंदाला फ्रेम 25, म्हणजे अर्धा सेकंदही नाही. पण डोळ्यांनी बाजरी ओळखली आणि मग कानांनी दुजोरा दिला, की बघणाऱ्याला आपण हुशार आहोत असं वाटतं. आवाज आधी आला, तर शाळेत बसल्यासारखं वाटतं.

प्रदर्शनातल्या व्हिडिओत मालक स्वतः गिऱ्हाइकाला काहीतरी समजावत होते. भाव खरा, हातवारे उत्तम. पण हलणाऱ्या ओठांवर दुसऱ्याचा आवाज चढवला, की लोक ऐकायचं सोडून ओठ वाचायला लागतात. त्यातून मालकांच्या मिशांखालून बाईचा गोड आवाज येणार. आम्ही चेहरा कापून फक्त हात ठेवले. ही गोष्ट त्यांना फोनवर सांगायची जबाबदारी एडिटरने माझ्यावर ढकलली. लाल बटणाच्या शॉटवर ‘नवीन’ हा शब्द येऊ द्यायचा नाही, एवढा नियम मी स्वतःला घालून घेतला. तिथे आम्ही फक्त चकलीबद्दल बोलतो.

रेकॉर्डिंगच्या आधी मी माझ्याच आवाजात मोबाइलवर कच्चं वाचन करून ते चित्राखाली लावून बघितलं. तिथे “पौष्टिक, परिपूर्ण पीठ” पकडलं गेलं. ‘प’ म्हणताना तोंडातून हवेचा फुगा सुटतो आणि माइकवर धप् आवाज येतो. माइकपुढे जाळी लावली तरी सलग तीन म्हणजे दारावर थापाच. “ताजं पीठ” ठेवलं.

राहता राहिलं “अत्यंत कमी आवाज.” या वाक्याखालचा शॉट घरघंटी सुरू असल्याचा, आणि त्यात एडिटरने मोकळी जागा भरायला तिचा खराखुरा आवाज वाढवून ठेवला होता. निवेदिका सांगतेय आवाज कमी, मागे घरघंटी घरघरतेय. मालकांनी ऐकलं आणि म्हणाले, “ही माझी नाहीच.” शेवटी दिवाळीच्या शूटिंगमधे एक तुकडा सापडला: मागे घरघंटी चालू आहे आणि त्याच बाई शेजारी उभ्या राहून फोनवर नेहमीच्या आवाजात बहिणीला विचारताहेत, “भाजणीत धने किती घालू गं?” तेवढे पाच सेकंद निवेदन गप्प, संगीत खाली. आवाजाचं वाक्यच काढून टाकलं.

सगळं मिळून 158 शब्द झाले. मालकांनी जाहिरात दोनदा पाहिली, खूश झाले, पुतण्यालाही दाखवली. मग स्क्रिप्टचा कागद हातात घेऊन पेनाने शब्द मोजायला लागले. मोजून झाल्यावर माझ्या बिलाकडे बघत म्हणाले, “मी चारशेच्या वर दिले होते. तुम्ही तर निम्म्याहून जास्त काढून टाकले. मग पैसे तुम्ही मला द्यायचे की मी तुम्हाला?”

एडिटर चहा सांगायला बाहेर गेला आणि बराच वेळ आलाच नाही.