बारा लाखांपर्यंत कर शून्य, मग काकांच्या रिटर्नवर साठ हजार कुठून आले?

"काका, आता सगळं आधीच भरलेलं येतं, नुसतं सबमिट दाबायचं." हे वाक्य ऐकलं की डोकं सणकतं. ज्याचं उत्पन्न फक्त पेन्शन आणि एका बँकेतलं व्याज, त्याच्यापुरतं ते बऱ्यापैकी खरं आहे. पण ठाण्यात, नवी मुंबईत निवृत्त माणसाचं चित्र तसं असतं का? राहायला नौपाड्यात, खारघरचा वन बीएचके भाड्याने दिलेला, पोस्टात ज्येष्ठ नागरिक योजना, बँकेत एफडी आणि नोकरीत असताना घेतलेले म्युच्युअल फंड. त्यातला फंड विकला की आधीच भरलेल्या फॉर्मवरचा भरवसा संपतो, आणि हे कुणी म्हणजे कुणी आधी सांगत नाही.

आकडेच मांडतो. आर्थिक वर्ष २०२५-२६, नवी करप्रणाली. पेन्शन महिना ५०,०००, म्हणजे वर्षाला ६,००,०००. त्यातून प्रमाणित वजावट ७५,०००, उरले ५,२५,०००. पोस्टातल्या १५ लाखांवर ८.२ टक्क्यांनी १,२३,०००, एफडी आणि बचत खातं मिळून १,७५,०००, म्हणजे व्याज २,९८,०००. भाडं महिना १८,०००, वर्षाला २,१६,०००. महापालिकेला भरलेला मालमत्ता कर ६,००० वजा केला की २,१०,०००, त्यावर ३० टक्के सरसकट वजावट, उरले १,४७,०००. सगळं मिळून ९,७०,०००.

यावर स्लॅबने कर होतो ३७,०००. उत्पन्न १२ लाखांच्या आत असल्यामुळे कलम ८७ए ची सवलत तो पूर्ण पुसून टाकते. इथपर्यंत जाहिरातीतलं शून्य खरं आहे.

आता काकांनी नोव्हेंबरात इक्विटी फंडाची ६,००० युनिट्स विकली. २०१४ साली २० रुपयांना घेतलेली, म्हणजे खर्च १,२०,०००. विकली ६८ रुपयांना, हातात ४,०८,०००. नफा किती? कुणालाही विचारा, २,८८,००० म्हणेल. चूक. ३१ जानेवारी २०१८ पर्यंत घेतलेल्या युनिट्सना कायद्याने संरक्षण दिलेलं आहे. त्या दिवशीची एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, आणि विक्रीची किंमत यांतली कमी असलेली रक्कम घ्यायची, तिची मूळ खरेदीशी तुलना करायची आणि जी मोठी ती खर्च म्हणून धरायची. इथे त्या दिवशीची एनएव्ही ३८ रुपये धरली तर खर्च होतो २,२८,००० आणि नफा १,८०,०००. पहिले सव्वा लाख करमुक्त, उरलेल्या ५५,००० वर साडेबारा टक्के म्हणजे ६,८७५, चार टक्के सेस धरून ७,१५०. ८७ए ची सवलत या रकमेला लागत नाही, ती फक्त स्लॅबच्या करापुरती आहे. म्हणजे एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत असूनही ७,१५० भरायचेच. पहिला धक्का हा.

पण खरा राग पुढच्या गोष्टीचा आहे. एआयएस म्हणजे खात्याकडचं तुमच्या व्यवहारांचं वार्षिक विवरण. त्यात विक्रीची रक्कम बरोबर येते, पण जुन्या खरेदीचा खर्च आणि २०१८ ची किंमत यांची घरं बऱ्याचदा रिकामी किंवा शून्य असतात. खर्चाच्या जागी शून्य तसंच ठेवून रिटर्न भरलं तर नफा दिसतो पूर्ण ४,०८,०००. आता एकूण उत्पन्न होतं १३,७८,०००. बारा लाखांची रेघ ओलांडली, म्हणून स्लॅबवरची ३७,००० ची सवलतही गेली! भांडवली नफ्यावर ३५,३७५, स्लॅबवर ३७,०००, सेस धरून ७५,२७०. आणि ज्याने निदान मूळ खरेदी भरली पण २०१८ ची किंमत भरली नाही, त्याचं उत्पन्न १२,५८,००० दिसतं. तेही रेघेच्या पलीकडे, कर ५९,६७०. एका रकान्यामुळे ७,१५० चे ५९,६७० होतात. सत्तरीच्या माणसाने हे कसं ओळखायचं? स्क्रीनवर लाल अक्षरांत काही येत नाही. फॉर्म बिनतक्रार स्वीकारला जातो, कारण जास्त कर भरणाऱ्याला कुणी अडवत नाही.

अजून एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण इथे चांगले शिकलेले लोक फसतात. सव्वा लाख करमुक्त आहे म्हणजे ते उत्पन्नातून वगळलं जातं असं नाही. बारा लाखांच्या रेघेसाठी पूर्ण १,८०,००० मोजले जातात, ५५,००० नाही. या उदाहरणात बेरीज ११,५०,००० होते, म्हणजे फक्त ५०,००० ची जागा उरली. रेघेच्या जरा पुढे गेलेल्यांना मार्जिनल रिलीफ थोडं सावरतं, पण कर शून्य राहत नाही.

आणि कोपऱ्यावर "रिटर्न ५०० रुपयांत" असा बोर्ड लावून बसलेले! एआयएस उतरवायचं, आकडे जसेच्या तसे ओतायचे, पुढचा नंबर. अरे, २०१८ ची किंमत विचारलीत का? जुनं स्टेटमेंट मागितलंत का? पाचशे रुपये घेऊन माणसाच्या खिशातून बावन्न हजार घालवता!

करायचं काय ते सांगतो. फंडाचं कॅपिटल गेन स्टेटमेंट कॅम्स किंवा केफिनटेककडून मागवायचं, ज्या रजिस्ट्रारकडे तो फंड असेल त्याच्याकडून. पॅन आणि नोंदवलेला ईमेल लागतो. त्यात प्रत्येक विक्रीसमोर खरेदीची तारीख, खर्च आणि ३१ जानेवारी २०१८ ची किंमत येते. तुम्ही कितीही वर्षं एसआयपी केलेली असो, विकताना सगळ्यात जुनी युनिट्स आधी जातात. म्हणूनच निवृत्त माणसाच्या विक्रीत २०१८ च्या आधीची युनिट्स हमखास असतात आणि म्हणूनच हा रकाना त्याच्यासाठी इतका महत्त्वाचा आहे.

एनएव्ही स्वतः शोधणार असाल तर ॲम्फी या फंड कंपन्यांच्या संघटनेच्या संकेतस्थळावर जुन्या तारखेची मिळते. पण दोन ठिकाणी घसरायला होतं. एकाच फंडाचे रेग्युलर आणि डायरेक्ट, ग्रोथ आणि डिव्हिडंड असे वेगळे प्लॅन असतात, प्रत्येकाची एनएव्ही वेगळी आणि आयएसआयएन हा ओळख क्रमांकही वेगळा. काकांचा एजंटकडून घेतलेला रेग्युलर असतो आणि पुतण्या डायरेक्टची एनएव्ही उचलतो. दुसरं म्हणजे सेबीच्या ऑक्टोबर २०१७ च्या आदेशानंतर २०१८ मध्ये कितीतरी योजनांची नावं बदलली. आजच्या नावाने शोधलं की त्या तारखेला ती योजनाच सापडत नाही, जुन्या नावाने शोधावी लागते.

नफा सव्वा लाखाच्या वर आहे, त्यामुळे साधा आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ घ्यावा लागतो. त्यात `Schedule 112A` उघडा. युनिट्स कधी घेतली या प्रश्नाला `On or before 31st January 2018` निवडलं तरच २०१८ ची किंमत मोजणीत येते. मग आयएसआयएन, युनिट्स ६,०००, विक्रीदर ६८, मूळ खर्च १,२०,००० आणि प्रति युनिट किंमत ३८. २०१८ नंतर घेतलेली युनिट्स वेगळ्या ओळीत, ती एकत्र दाखवता येतात आणि तिथे आयएसआयएनच्या जागी `INNOTREQUIRD` असा कोड असतो. जुनी युनिट्स चुकून या एकत्र ओळीत गेली की संरक्षण गेलं, बहुतेकांचं इथेच चुकतं.

भरून झाल्यावर सबमिट करू नका. करमोजणीच्या पानावर जा आणि 87A समोरचा आकडा बघा. या उदाहरणात तिथे ३७,००० दिसायला हवेत. शून्य दिसलं तर तुमचं उत्पन्न बारा लाखांच्या वर मोजलं गेलंय, परत मागे जाऊन 112A तपासा. सबंध रिटर्न समजत नसलं तरी हा एक आकडा बघता येतो.

भाड्याबद्दल थोडक्यात. फॉर्ममध्ये पूर्ण भाडं लिहायचं, ३० टक्के फॉर्मच वजा करतो. स्वतः वजा करून लिहिलं की दोनदा वजावट होते आणि पुढे नोटीस येते. सोसायटीचा मेंटेनन्स आणि भाडेकरू ठेवल्याचा नॉन-ऑक्युपन्सी आकार मात्र यातून वेगळा कापता येत नाही, कितीही चरफडलात तरी. मालमत्ता कर ज्या वर्षी प्रत्यक्ष भरला त्याच वर्षी वजा होतो. त्यामुळे पनवेल महापालिकेची मागच्या वर्षांची थकबाकी मालकाने एकदम भरली असेल तर ती सगळी त्या वर्षी धरा, पावती जपून ठेवा.

मार्च २०२६ पर्यंत जुन्या कायद्यात असलेल्या फॉर्म १५एच बद्दलही कुणी धड बोललं नाही. बँक आणि पोस्टातले लोक एप्रिलमध्ये तो ज्येष्ठांकडून भरून घ्यायचे, जणू साठीचा दाखलाच. तो फॉर्म म्हणजे "या वर्षी माझा एकूण कर शून्य आहे" असं सहीनिशी दिलेलं निवेदन. ८७ए मुळे शून्य होत असेल तर चालायचं. पण त्या वर्षी फंड विकायचा बेत असेल आणि ७,१५० सारखा कर येणार असेल, तर ती सही खोटी ठरते. खोट्या निवेदनाला कायद्यात शिक्षा आहे. काउंटरवर फॉर्म पुढे सरकवणाऱ्याला याचं काय पडलंय?

आणि हे सगळं टाळता आलं असतं, हे जास्त लागतं. प्रति युनिट नफा ३० रुपये. मार्चअखेरपर्यंत ४,००० युनिट्स विकली असती तर नफा १,२०,०००, सव्वा लाखाच्या आत, कर शून्य. उरलेली २,००० युनिट्स १ एप्रिलनंतर विकायची, तो नफा पुढच्या वर्षीच्या सव्वा लाखात. पैशांची तातडी नसेल तर सात हजार वाचले. विक्रीची ऑर्डर घेताना हे सांगणं एजंटचं काम नाही का?

आता जो कर येईल तो रिटर्नच्या आधी भरायचा. साठीच्या पुढे असून धंद्याचं उत्पन्न नसेल तर ॲडव्हान्स टॅक्स लागत नाही, त्यामुळे त्याचं व्याजही नाही, पण मुदतीनंतर भरलं तर वेगळं व्याज सुरू होतं. पोर्टलवर `e-Pay Tax`, प्रकार `Self-Assessment Tax (300)`, आणि वर्ष निवडताना डोळ्यांत तेल घाला. २०२५-२६ च्या उत्पन्नासाठी असेसमेंट इयर २०२६-२७ निवडायचं. नव्या कायद्याने १ एप्रिल २०२६ पासून टॅक्स इयर २०२६-२७ आणलंय, आणि ते पुढच्या वर्षाच्या उत्पन्नाचं. आकडे तेच, अर्थ वेगळा. चुकीच्या वर्षात गेलेले ७,१५० या रिटर्नला दिसणार नाहीत आणि कर थकल्याची मागणी काकांच्या मोबाईलवर येईल. दोन वेगळ्या वर्षांना एकच आकडा देताना एकाही माणसाला सत्तरीतला करदाता आठवला नाही?