ढाळ कमी पडला

फ्लशचं बटण दाबल्यावर पाणी खाली जातं, या गोष्टीवर माझा चाळीस वर्षं आंधळा विश्वास होता. त्या सकाळी मी बटण दाबलं आणि पाणी वर आलं. पहिले दोन क्षण मी ते नुसतं पाहत राहिलो. पुढच्या दोन क्षणांत मला उकिडवं बसायच्या पॅनची मूळ गोम कळली. खुर्चीसारख्या कमोडला निदान उंच काठ तरी असतो. इथे पॅनचा काठ आणि आपली पावलं एकाच पातळीवर, मध्ये काहीही नाही. टाकीतले दहा लिटर काही सेकंदांत उतरतात आणि चपला घालून दारापर्यंत पोचायला त्याहून जास्त वेळ लागतो. हा हिशोब मी अनुभवाने शिकलो.

त्यानंतर मी जी चूक केली ती बहुतेक सगळेच करत असावेत. पाणी कमी पडलं असेल, असं समजून मी वरून एक बादली ओतली.

"अहो, काय चाललंय आत?" बायकोने बाहेरून विचारलं.

"काही नाही, जरा साफ करतोय," मी म्हणालो. अक्षरशः खरं होतं ते.

मिस्त्री आले. त्यांनी पॅनकडे पाहिलंसुद्धा नाही, थेट अंगणात गेले आणि चेंबरचं झाकण उचललं. आत कोरडं. "चेंबर भरलेलं असतं तर तुंबलंय पुढे, म्हणजे बाहेर. इथे चेंबर कोरडं आणि पॅन भरलेलं. म्हणजे अडलंय या दोघांच्या मध्ये." एवढं निदान करायला डॉक्टरने माझ्या तीनदा तपासण्या करून घेतल्या असत्या.

मध्ये म्हणजे आधी ट्रॅप. पॅनखाली नळाला जी वळसेदार मान असते तो. मिस्त्रींनी हात घातला, आकडा घातला आणि सिमेंटचा एक गोळा बाहेर काढला. वर त्याला फरशी पुसायच्या फडक्याच्या चिंध्या लटकलेल्या. तीन महिन्यांपूर्वी आम्ही संडास नवा केला, तेव्हा गवंड्याने पॅनचं तोंड न झाकता वर फरशी बसवली होती. पडलेला माल ट्रॅपच्या पोटात घट्ट झाला आणि पुढे येणाऱ्याजाणाऱ्याला अडवत बसला.

माझे मेहुणे तोवर येऊन पोचले होते. त्यांना सगळं कळतं. पॅनमध्ये वाकून ते म्हणाले, "मिस्त्री, अजून पाणी साचलंय. साफ झालेलं नाही."

"साहेब, ते राहायलाच पाहिजे. दोनेक इंच पाणी ट्रॅपमध्ये उभं असतं म्हणून गटाराचा वास घरात येत नाही. ते काढलंत तर मग मला वासासाठी बोलवाल."

मेहुणे गप्प बसले. त्यांच्या बाबतीत हे मी प्रथमच पाहत होतो आणि त्या आनंदात मी मिस्त्रींना चहा पाजला.

बारा दिवसांनी पाणी पुन्हा वर आलं.

या वेळी मी शहाणा होतो. बादली ओतली नाही, उडी मारली. मिस्त्री आले, ट्रॅप स्वच्छ निघाला. मग त्यांनी चेंबरकडून नळात लांब तार सारली. पाच फुटांवर तार अडली, ढोसली तर सुटली, सगळं वाहून गेलं. त्यांनी तारेला अडलेल्या जागी सुतळी बांधून ठेवली. मला ते उगाचच वाटलं. नऊ दिवसांनी तिसऱ्यांदा तुंबलं आणि तार पुन्हा अडली, बरोब्बर सुतळीपाशी.

"आता तुमचा दोष नाही," मिस्त्री म्हणाले. तोवर घरात प्रत्येकाने प्रत्येकाकडे संशयाने पाहून झालं होतं. काय टाकलंस, कोणी टाकलं, लहान कोण, शेवटचं कोण. "टाकलेली वस्तू कुठेही अडकेल. दर वेळी एकाच जागी अडकतंय म्हणजे नळच तिथे वाकडा आहे."

मग त्यांनी प्रयोग मांडला. ओल्या कागदाचे पाच गोळे पॅनमध्ये टाकायचे, फ्लश करायचं आणि चेंबरपाशी उभं राहून मोजायचं. चेंबरपाशी मेहुण्यांची नेमणूक झाली. मी बटण दाबलं. "आलं का?" "नाही." बराच वेळ. "आता?" "पाणी येतंय, पण सुतासारखं." पाण्यासोबत दोन गोळे आले. तीन आत मुक्कामाला राहिले.

"नळाला ढाळ नाही," मिस्त्रींनी निकाल दिला. संडासाच्या संदर्भात हा शब्द ऐकून मेहुणे फिस्सकन हसले. मिस्त्री हसले नाहीत. चार इंची नळाला चाळीसात एक उतार लागतो, साठात एक म्हणजे अगदी शेवट, असं त्यांनी सांगितलं. त्याहून सपाट असेल तर पाणी रेंगाळतं, घाण पुढे ढकलायचं बळ त्यात उरत नाही आणि ती तळाशी बसते. मग त्यावर दुसरी बसते.

पॅन उचलावा लागला. तो दिवस मी थोडक्यात आटोपतो. नळाचं तोंड मोकळं झाल्यावर मिस्त्रींनी तिथे बॅटरी धरली आणि मला चेंबरमध्ये आरसा तिरपा धरायला लावला. बायकोचा. (तिला हे अजून माहीत नाही.) नळ सरळ असेल तर आरशात उजेडाचा पूर्ण गोल दिसतो. मला अष्टमीचा चंद्र दिसला. खालचा अर्धा पाण्यात. नळाला मध्येच पोट सुटलं होतं. खाली नुसता भुसभुशीत भराव टाकून नळ ठेवला होता, भराव बसला आणि नळही बसला.

पाण्याने भरलेली पारदर्शक नळी दोन्ही टोकांना धरून त्यांनी पातळी मोजली. पॅन ते चेंबर अंतर चार मीटर. चाळीसात एक म्हणजे दहा सेंटिमीटर उतार हवा. होता तीन. नूतनीकरणात पॅन भिंतीपासून दूर, "ऐसपैस" जागी हलवायची हौस माझी. नळ लांबला, उतार तेवढाच राहिला.

"चेंबर खोल करा की," मेहुणे.

"चेंबरच्या पुढचा नळ रस्त्याच्या गटाराला ठरलेल्या उंचीवर जातो. तो कसा खाली नेणार?" म्हणजे खालचं टोक हलत नाही. उरलं वरचं. पॅन सात सेंटिमीटर वर घ्यायचा, खाली ओटा बांधायचा. मेहुण्यांनी उत्साहाने वीस सुचवले, उतार जास्त तेवढा बरा म्हणून. मिस्त्री म्हणाले, फार ढाळ दिला तर पाणी पळून जातं आणि बाकीचं मागे राहतं. शिवाय वीस सेंटिमीटर चढून जायची घाई कधी कधी परवडत नाही.

नळाखालचा भराव पाणी मारून ठोकून घेतला, नळाला खालून सलग आधार दिला, झाकायच्या आधी पुन्हा आरसा धरला. पौर्णिमा. पॅन बसवताना मी स्वतः त्याच्या तोंडावर पोतं दाबून गवंड्याजवळ उभा राहिलो, दोन तास, घरधन्याच्या थाटात.

सिमेंट वाळल्यावर सगळे जमले. कागदाचे पाच गोळे. मी ओट्यावर चढलो, सवयीने एक पाय दाराबाहेर ठेवला आणि बटण दाबलं. पाणी घुळ्ळकन खाली गेलं. बाहेरून मेहुण्यांचा आवाज येऊ लागला.

"एक! दोन! तीन, चार..."

घर चिडीचूप. बायकोने माझा दंड धरला.

"अहो भावजी, पाचवा?" मी ओरडलो.

"थांबा हो, माझ्या पायाखाली आहे वाटतं... आला!"