पाळणा बंद पडला नव्हता साहेब, ब्रेक लागला होता

शनिवारच्या रात्रीचा व्हिडिओ आता सगळ्यांच्या फोनवर फिरतोय. आकाशपाळणा मध्येच थांबलेला, वरून बायकापोरांचा आरडाओरडा, आणि खाली मशीनपाशी वाकून बसलेला, तोंड न दिसणारा माणूस. तो मी. अठरा वर्षं पाळणा चालवतो. ही पोस्ट आमच्या शेठसाठी आहे आणि जत्रेला परवानगी देणाऱ्या सगळ्या साहेबांसाठी. दोघांनीही मला एकच प्रश्न विचारलाय, "पाळणा थांबलाच कसा?"

थांबला ते बरोबरच झालं. शेजारच्या ब्रेक डान्स खेळाची मोटर सुरू झाली, व्होल्टेज बसलं आणि आमचा काँटॅक्टर, म्हणजे मोटरला करंट देणारा स्विच, सुटला. एकाच जनरेटरवर तीन खेळ, खाऊगल्ली आणि कमानीची लायटिंग लावली तर तो कधीतरी बसणारच. मोटरच्या ब्रेकला स्प्रिंग असते. करंट असला की कॉइल ब्रेक ओढून धरते, करंट गेला की स्प्रिंग तो दाबून टाकते. सोळा पाळण्यांत त्रेपन्न माणसं जागच्या जागी थांबली ती याच्यामुळे. हा ब्रेक नसता तर चाक जड बाजूला आपोआप फिरत गेलं असतं, आणि तुम्ही मला वेगळेच प्रश्न विचारत असता.

विचारायचा प्रश्न दुसराच आहे. करंट नसताना माणसं खाली आणायची सोय का नव्हती?

ती सोय काही मोठी नसते. ब्रेकवर एक लिव्हर असतो, हातभर लांबीचा. तो ओढून धरला की ब्रेक सुटतो, हात काढला की लगेच लागतो. मोटरच्या मागचं पंख्याचं झाकण काढलं की शाफ्टच्या चौकोनी टोकाला हँडल बसतं. एकाने लिव्हर धरायचा, दुसऱ्याने हँडल मारायचं. आमचा लिव्हर मागच्या मुक्कामाला ट्रकमध्ये चढवताना तुटला. शेठ, मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं. "चालतंय ना? मग सीझन झाल्यावर बघू," असं तुम्ही म्हणालात. चालत होतंच, कारण पाळणा फिरवायला लिव्हर लागत नाही. तो लागतो फक्त अशा रात्री.

लिव्हर नसताना दुसरा एक मार्ग असतो, तो मला जुन्या मिस्त्रीने दाखवला होता. ब्रेकच्या प्लेटला दोन आटे असतात, त्यात बोल्ट पिळले की प्लेट मागे ओढली जाते. पण यातली भीती अशी की बोल्ट एकदा पिळले की ब्रेक राहतच नाही. हँडलवरचा हात सुटला तर चाक थांबवायला काहीच उरत नाही. म्हणून आधी चाकाच्या कडेला जाड दोर बांधून ट्रकच्या हुकाला अडकवला, चाक फिरवणारा टायर आणि चाकाची रिम यांच्या मधे सागवानी पाचर ठोकली, दोन पोरं दोरावर उभी केली, आणि मगच बोल्ट पिळले. यातच पंधरा मिनिटं गेली. व्हिडिओत "ऑपरेटर नुसता बसलाय" असं लिहिलंय ती हीच पंधरा मिनिटं.

तेवढ्यात जनरेटर पुन्हा सुरू झाला. शेठ फोनवर म्हणाले, "बटण दाब, एक फेरी मारून सगळे खाली घे." बंदोबस्ताचे हवालदारही तेच म्हणाले. मी नकार दिला, आजही देईन. घाबरून दोन पाळण्यांतल्या माणसांनी आडवा दांडा उघडला होता, एक पोरगा उभा राहून आरीवर पाय टाकू बघत होता. तशात मोटरने धक्का दिला असता तर? शिवाय करंट ज्या कारणाने बसला ते कारण अजून तसंच होतं. कमी व्होल्टेजवर ब्रेक धड सुटतही नाही, धड धरतही नाही. घासून लायनर जळतो, आणि मग हातातला शेवटचा ब्रेकही गेला.

आता ज्यावरून मला सगळ्यात जास्त शिव्या पडल्या ते. खालचा पाळणा आधी रिकामा केला. त्याच्या शेजारचा जमिनीपासून जेमतेम पुरुषभर उंच होता, त्यातली माणसं हात लांबवत होती. त्यांना तसंच ठेवून मी चाक अर्धं फिरवलं आणि अगदी टोकावरचा पाळणा खाली आणला. लोकांना वाटलं याचं डोकं फिरलंय.

मोटर मिनिटाला १४४० फेरे मारते तेव्हा आमचं चाक ६ फिरतं. म्हणजे हँडलचे २४० फेरे म्हणजे चाकाचा एक फेरा, आणि एक पाळणा सरकवायला १५. एका पाळण्यात माणसांचं वजन धरा २०० किलो. एकच पाळणा रिकामा असेल तर वजनाचा जो फरक पडतो तो फूटभर हँडलवर साधारण २० किलोचा जोर होऊन येतो. तेवढा माणूस पेलतो. पण ओळीने एकामागून एक आठ रिकामे केले, तर अर्धं चाक भरलेलं आणि अर्धं मोकळं. तेव्हा हँडलवर १०० किलो येतात, आणि ब्रेकला तर बोल्ट पिळलेले. म्हणून एक रिकामा केला की त्याच्या समोरचा, मग काटकोनातला, मग त्याच्या समोरचा. अशाने फरक कधीच एका पाळण्याच्या वर जात नाही. दर वेळी पाचर ठोकायची, दोर ताणायचा, माणसं उतरवायची, पाचर काढायची. हँडलचे फेरे मात्र चौदाशेच्या वर झाले. साडेनऊला अग्निशमनची गाडी आली, उंच शिडी नव्हती, पण त्या जवानांनी पाळीपाळीने हँडल मारलं. त्यांना मनापासून नमस्कार. आठ चाळीसला थांबलेला पाळणा दहा वीसला रिकामा झाला.

२०२४च्या जूनमध्ये अमेरिकेत ओरेगॉनच्या एका पार्कात झोक्यावर २८ माणसं उलटी लटकून अर्धा तास अडकली होती. तिथेही शेवटी तो झोका हातानेच खाली आणावा लागला. कितीही महागडं मशीन असो, ही वेळ येते.

साहेब, परवानगीच्या आधी तुमची माणसं येतात. कागद बघतात, अर्थिंग बघतात, पाळणा दोन फेऱ्या फिरवून दाखवायला लावतात. तो फिरतोच हो. मला कुणी आजवर म्हटलं नाही की पाळण्यात वाळूची पोती भर, आता मेन स्विच पाड, आणि वरची पोती खाली आणून दाखव. घड्याळ लावून बसा समोर. लिव्हर आहे का, हँडल आहे का, कुठला पाळणा कधी रिकामा करायचा हे पोरांना पाठ आहे का, अर्ध्या तासात सगळं दिसेल. आणि पाळण्याचा जनरेटर फक्त पाळण्याचा, ही अट परवान्यावरच लिहा. आम्ही शेठला सांगितलं तर ती कुरकुर ठरते, तुम्ही लिहिलं तर तो नियम होतो.

शेठ, तुमच्याविरुद्ध लिहितोय असं समजू नका. पगार तुम्ही कधी थकवला नाही, आणि त्या रात्री लोक मारायला धावले तेव्हा तुम्ही मध्ये उभे राहिलात. पण गाड्या गुरुवारी पुढच्या गावाला हलणार आहेत. ब्रेकच्या पाटीचा फोटो तुमच्या व्हॉट्सअॅपवर टाकलाय, तेवढा दुकानदाराला दाखवा, लिव्हर त्याच नंबरचा लागतो. तो बसेपर्यंत चाक उभं करीन, पाळणे लावीन, लायटिंगही करून देईन. माणसं मात्र बसवणार नाही.