बारावी कॉमर्सच्या माझ्या मुलांनो, बॅलन्सशीट जुळलं नाही तर?

प्रिय विद्यार्थ्यांनो,

अकाउंट्सचा पेपर ८० गुणांचा आणि वेळ ३ तास. म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटं. फायनल अकाउंट्सचा प्रश्न १२ गुणांचा धरला, तर त्याच्या वाट्याला २७ मिनिटं येतात. तुमच्यातले बरेच जण तिथे पाऊण तास बसतात, कारण बॅलन्सशीट टॅली होत नाही. मग सगळ्या बेरजा पहिल्यापासून सुरू! माझ्या मते पेपर अपुरा राहतो तो इथे. हात सावकाश चालतो ही तक्रार मला फारशी पटत नाही.

बेरजा परत करण्याआधी फरक किती आणि कुठली बाजू जड, ते बघा. समजा, डेटर्स ६२,०००. अ‍ॅडजस्टमेंट अशी की २,००० बुडीत धरा आणि उरलेल्यावर ५ टक्के आर.डी.डी. करा. ६०,००० चे ५ टक्के म्हणजे ३,०००. हे ३,००० दोन ठिकाणी जायला हवेत: नफा-तोटा खात्याला डेबिट आणि बॅलन्सशीटमध्ये डेटर्समधून वजा. आता लायबिलिटीजची बाजू ३,००० ने जड आली, तर नफा-तोट्यातली नोंद राहिली असणार, म्हणून नफा फुगला. अ‍ॅसेट्सची बाजू तेवढ्यानेच जड असेल, तर डेटर्समधून वजा करायचं राहिलं. आणि अ‍ॅसेट्स ६,००० ने जास्त? मग फरकाचं निम्मं करा. वजा करायच्या जागी तुम्ही ३,००० मिळवलेत.

एक मात्र आहे. कुणी बुडीत वजा न करता ६२,००० वरच ५ टक्के काढले आणि ३,१०० दोन्हीकडे लिहिले, तर बॅलन्सशीट बिनबोभाट जुळतं आणि उत्तर तरी चूकच असतं! त्यामुळे टॅली झालं की जिंकलो, असं समजू नका. अ‍ॅडजस्टमेंट वाचल्याबरोबर तिचे दोन्ही परिणाम लगेच लिहा आणि प्रश्नपत्रिकेवर पेन्सिलीने दोन बारीक टिका करा. एकच टिक दिसली की राहिलेली नोंद कुठली ते कळतं. (वर्गात मी टिकांचा जो हट्ट धरते, तो यासाठी.)

एवढं करूनही तीन-चार मिनिटांत फरक सापडला नाही, तर सोडून द्या. टोटल खोडून जुळवू नका आणि मनाने सस्पेन्स अकाउंटही घालू नका. आर.डी.डी.ची वर्किंग नोट नीट असेल तर तिचे गुण तुमचेच आहेत. खाली चार ओळी रिकाम्या ठेवा आणि बिल्सच्या प्रश्नाकडे वळा. तिथली एक जर्नल नोंद चुकली तरी पुढची बरोबर येऊ शकते, म्हणून शेवटची दहा मिनिटं तिथे सत्कारणी लागतात. नॅरेशन मात्र गाळू नका, आणि ड्यू डेट काढताना ग्रेसचे ३ दिवस धरा.

तुमच्या अकाउंट्सच्या मॅडम