जिलेटीन: खुरं, कॅप्सूल आणि ई४४१

"जिलेटीन जनावरांची शिंगं आणि खुरं उकळून करतात. जेली, आइस्क्रीम आणि प्रत्येक कॅप्सूलमध्ये ते असतंच. डब्यावर ई४४१ नसेल तर बिनधास्त खा." असा एक मेसेज फिरतो.

शिंगं आणि खुरं केराटिनची असतात, आपली नखं आणि केस ज्याचे असतात त्याचीच. केराटिन कितीही उकळा, त्याचं जिलेटीन होत नाही. ते निघतं कोलॅजनपासून, आणि कोलॅजन असतं कातडीत नि हाडांत. कारखान्यात मुख्यतः डुकराची कातडी, गुरांची कातडी आणि हाडं वापरतात. माशांच्या कातडीचं जिलेटीन त्या मानाने थोडं. डुकराची कातडी आम्लात भिजवली की काम लवकर उरकतं. गुरांची कातडी मात्र बहुधा कित्येक आठवडे चुन्यात मुरत ठेवतात. हाडांचं काम आणखी किचकट. त्यांतले क्षार आधी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने काढून टाकतात, म्हणजे हाडाचा आकार तसाच राहतो पण ते रबरासारखं वाकतं. त्यानंतर गरम पाण्यात अर्क काढायचा, गाळायचा, सुकवायचा आणि दळायचा. म्हणजे खुरांबद्दल मेसेज चुकला, तरी जिलेटीन प्राणिजन्य आहे हे खरंच. 'व्हेज जिलेटीन' म्हणून जे विकलं जातं ते जिलेटीन नसतंच; ते समुद्री शेवाळातून काढलेलं अगर-अगर, कॅराजीनन किंवा तसंच काही असतं. (खेळण्यांवर गुंडाळायचा रंगीत 'जिलेटीन पेपर' हाही बहुतेक वेळा सेलोफेन, म्हणजे वनस्पतीच्या सेल्युलोजचा. नाव फसवं आहे खरं.)

जेलीचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, पण घरी पाहता येतं. मी दोन वाट्या लावल्या होत्या. एकीत अर्धा लिटर सरबताला दहा ग्रॅम जिलेटीन: आधी गार पाण्यात भिजवून फुगवलं, मग कोमट करून विरघळवलं, आणि फ्रिजमध्ये काही तास ठेवल्यावर ते धरलं. दुसरीत तेवढ्याच सरबताला चार ग्रॅम अगर-अगर: ते खळखळून उकळावं लागलं, पण ओट्यावरच घट्ट झालं. मग दोन्हींचा एकेक तुकडा अंघोळीच्या पाण्याहून जरा गरम, साधारण चाळीस अंशांच्या पाण्यात टाकला. जिलेटीनचा तुकडा कडांपासून वितळत बघता बघता दिसेनासा झाला. अगरचा तसाच बसून राहिला, कारण त्याला वितळायला ऐंशीच्या पुढे जावं लागतं. तोंडात विरघळते ती जेली जिलेटीनची आणि दातांखाली कच्चकन तुटते ती अगरची, असा अंदाज यावरूनच येतो. तयार गोळ्यांवर मात्र हा प्रयोग फारसा चालत नाही, कारण त्यांत साखर फार असते आणि ती कुठल्याही गोळीला पाण्यात सैल करते.

मार्शमॅलो आणि चिवट गमी यांत जिलेटीन असण्याची शक्यता सर्वांत जास्त; काही गमी फळांतून काढलेल्या पेक्टिनच्याही असतात, त्या कमी ताणल्या जातात. न भाजता गार करून लावलेला चीजकेक, मूस, पाना कोटा यांतही ते बहुधा सापडतं, आणि मलईदार दिसणाऱ्या काही कमी चरबीच्या दह्यांतही. आइस्क्रीममध्ये हल्ली सहसा ग्वार गम, कॅराजीनन अशी द्रव्यं असतात. सरसकट 'असतंच' म्हणणं चूक, पण यादी न वाचता 'नसतंच' म्हणणंही तितकंच चूक.

कॅप्सूलमध्ये दोन जाती ओळखा. दोन टोप्या एकमेकींत बसवलेली कडक कॅप्सूल जिलेटीनची असू शकते, तशी वनस्पतीच्या सेल्युलोजपासून केलेल्या हायप्रोमेलोजचीही. दिसायला दोन्ही जवळपास सारख्या, म्हणून नुसतं बघून ठरवू नका. घटकांत 'हायप्रोमेलोज' किंवा 'एचपीएमसी' लिहिलेलं शोधा. माशाच्या तेलाची किंवा ई जीवनसत्त्वाची मऊ, गुळगुळीत कॅप्सूल मात्र बहुतेक वेळा जिलेटीन आणि ग्लिसरीनचीच असते. स्टार्च नि कॅराजीननची मऊ कॅप्सूलही मिळते, पण कमी. एक विनंती: डॉक्टरांनी दिलेली कॅप्सूल फोडून आतली पूड घेऊ नका. काही कॅप्सूलमधलं औषध हळूहळू सुटावं म्हणून मुद्दाम तसं भरलेलं असतं. पर्याय डॉक्टरांनाच विचारा.

मेसेजमधला खरा घातक भाग ई४४१ चा. युरोपात जिलेटीन हा खाद्यपदार्थ धरला जातो, मिश्रक नव्हे, म्हणून तिथल्या ई-क्रमांकांत ते नाही. ४४१ हा आकडा जुन्या याद्यांमधून फिरत राहिला. तो शोधत बसलेल्या माणसाला डब्यावर सरळ अक्षरांत छापलेलं 'जिलेटीन' दिसत नाही. तेव्हा आकडा सोडा, शब्द वाचा, आणि कंसातले घटकही वाचा: चॉकलेटच्या घटकांत 'मार्शमॅलो' आणि पुढे कंसात जिलेटीन, असं ते येतं. कुठल्या जनावराचं ते बरेचदा लिहिलेलं नसतं. ते उत्पादकालाच विचारावं लागतं. जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणखी एक विचारावं: अ आणि ड जीवनसत्त्वाची पूड हवेने खराब होऊ नये म्हणून तिचे कण काही वेळा जिलेटीनमध्ये लपेटलेले असतात, मग गोळीवर कॅप्सूलचं कवच असो वा नसो.