नमुना घेताना काका उपस्थित होते

माझ्या फील्ड रिपोर्टच्या तिसऱ्या पानावर लाल पेनाने एक गोल काढलाय आणि समासात फक्त एक प्रश्न लिहिलाय: ‘हे काका कोण?’ शेवटच्या पानावर दहापैकी चार. काकांची ओळख न पटवल्याबद्दल दोन कापले असावेत, बाकीचे चार कशाबद्दल ते मला आता कळलंय, पण राग अजून गेलेला नाही.

पर्यावरणशास्त्राच्या पेपरला मार्कंडेय नदीच्या पाण्यातला विरघळलेला प्राणवायू मोजायचा होता. ही तीच नदी, जिच्यावर राकसकोपचं धरण आहे आणि जिचं पाणी बेळगावकर नळाला येण्याची वाट बघत बसतो. मी धरणाच्या बऱ्याच खाली, शहर ओलांडून गेल्यावरचं एक वळण निवडलं. कारण शास्त्रीय नव्हतं. बसथांब्यापासून ते जवळ होतं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेतून 300 मिलीच्या दोन बाटल्या मिळाल्या. तीन मागितल्या होत्या. शिपाईमामांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू मी त्यांच्या लेकीच्या लग्नातली भांडी मागतोय. “दोन ने. फुटली तर भरून द्यायचं. आणि बुचं अदलाबदल करू नगो, ज्याचं त्याला.” हे त्यांचं शंभर टक्के खरं. या बाटल्यांची काचेची बुचं घासून बसवलेली असतात. एकीचं दुसरीला लावलं की फट राहते, आणि या खेळात फट म्हणजे हवा, हवा म्हणजे खोटा आकडा. पण दोनच बाटल्या देण्यामागे कुठलं शास्त्र होतं ते आजवर समजलेलं नाही.

तर सकाळी साडेसातला मी काठावर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. बाटली पाण्यात आडवी धरून हातभर खाली न्यायची, हळूहळू भरू द्यायची, बूच पाण्याखालीच लावायचं आणि वर काढून उलटी करून बघायची. बुडबुडा दिसला तर ओतून परत. मी हे सगळं नीट केलं, फक्त काठाला केलं, जिथं पाणी निवांत पडून होतं. पुढं शेवाळ होतं आणि माझ्याकडे ही एकच चांगली पँट.

“काय गा, काय करायलास?”

वरच्या अंगाला एक काका म्हैस धूत होते. डोक्याला टॉवेल, हातात नारळाची शेंडी, बाजूला प्लास्टिकची निळी बादली. मी सांगितलं, पाणी तपासायला नेतोय.

“एवढी नदी आणि एवढीशी बाटली?”

मी म्हटलं, काका, एवढी पुरते.

“आणि काठाचं नेतोस? काठाचं पाणी हे पाणी असतंय काय? ते नदीचं उष्टं. धारेचं ने की.” मग म्हशीला उद्देशून, पण मला ऐकू येईल असं: “शिकलेत म्हणं.”

इथं मला एक गोष्ट मान्य करावी लागते आणि ती मला आवडत नाही. काका बरोबर होते. काठाच्या साचलेल्या पाण्यात चिखल असतो, पालापाचोळा कुजत असतो, आणि ते कुजणं प्राणवायू खातं. नदीबद्दल काही बोलायचं असेल तर नमुना मुख्य धारेतून घ्यायचा, हे आमच्या मॅन्युअलच्या दुसऱ्या पानावर आहे. ते पान मी वाचलं होतं. काकांनी वाचलं नव्हतं.

मी शेवाळाकडे बघत उभा राहिलो, तेवढ्यात काका बादली घेऊन सरळ मधे गेले, कमरेएवढ्या पाण्यात. बादली बुडवली, खांद्यावर घेतली, आले. “धर बाटली.” मी धरली. त्यांनी छातीच्या उंचीवरून धार सोडली. बाटलीत गटगट, फसफस, बाहेर फवारा, माझ्या चष्म्यावर थेंब. “पुरे काका, पुरे!” “अरे, भरू दे की वरपर्यंत, कद्रूपणा नगो.”

आता तुम्ही म्हणाल, नको म्हणायचं. आमच्याकडं वडीलधाऱ्या माणसाला, तेही कमरेपर्यंत भिजून तुमच्यासाठी पाणी आणलेल्या माणसाला, “काका, तुम्ही नमुना बिघडवलात” असं म्हणता येतं का? मी बूच लावलं. बादलीतून घ्यायचंच असेल तर रबरी नळी बाटलीच्या तळापर्यंत सोडून पाणी हळू भरायचं आणि बाटली दोन-तीनदा भरेल इतकं वरून वाहू द्यायचं असतं, म्हणजे हवेला लागलेलं पाणी बाहेर जातं. नळी माझ्या पिशवीत होती. पिशवीवर म्हैस उभी होती.

मग काठावर बसून दोन्ही बाटल्यांत औषधं घातली. आधी मँगनीज सल्फेट 2 मिली, मग अल्कली-आयोडाइड-अ‍ॅझाइड 2 मिली, पिपेटचं टोक पाण्यात बुडवून. बूच लावून बाटल्या खालीवर केल्या. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका तयार होतो, नसेल तर तो पांढराच राहतो. माझ्या बाटलीत फिकट बदामी आला. काकांच्या बाटलीत चांगला दाट तपकिरी.

“बघ,” काका म्हणाले, “तुझा पांचट चहा. माझा कडक.”

त्याच क्षणी मला कळायला हवं होतं. दहा पावलांवरच्या दोन नमुन्यांत इतका फरक डोळ्यांना दिसतोय, म्हणजे एक तर नदीत काहीतरी घडतंय किंवा बाटलीत. पण मी त्या वेळी चहाच्या उपमेवर चिडलो होतो.

प्रयोगशाळेत आम्ल घालून साका विरघळवला, पिवळं पाणी झालं, त्यातलं 203 मिली घेतलं. 200 का नाही हा प्रश्न मीही विचारला होता. दोन औषधांनी मिळून बाटलीतलं 4 मिली पाणी बाहेर ढकललेलं असतं, त्यातलं 200 मिलीच्या वाट्याचं भरून काढायला हे वरचे 3. मग 0.025 नॉर्मल थायोसल्फेट थेंबथेंब सोडायचं, रंग गवतासारखा फिकट झाला की स्टार्च घालायचा, निळं होतं, आणि निळा जाईपर्यंत सोडत राहायचं. सोय अशी की जितके मिली लागले तितकेच लिटरला मिलिग्रॅम. माझ्या बाटलीला 3.2 लागले. काकांच्या बाटलीला 6.8.

आणि मी सरासरी काढली. 5.0.

इतका सुंदर आकडा मी आयुष्यात काढला नव्हता. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत उघड्यावर अंघोळ करण्याजोग्या पाण्यात, म्हणजे ‘ब’ वर्गात, प्राणवायू 5 किंवा जास्त लागतो. नदी काठावर पास! मी रिझल्ट्समध्येच लिहून टाकलं की पाणी स्नानयोग्य आहे. मेथड्समध्ये मात्र प्रामाणिकपणे लिहिलं: ‘दुसरा नमुना एका स्थानिक काकांच्या साहाय्याने घेण्यात आला.’

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. “एनप्पा इदु?” एवढं कानडीत, पुढचं माझ्यासाठी मराठीत. “दूध आणि ताक मिसळून सरासरी काढतोस? साहाय्य म्हणजे काय केलं या काकांनी?”

मी सगळं सांगितलं. म्हशीसकट. सर हसले नाहीत, हे मला जास्त लागलं.

“म्हणजे दोन बाटल्यांत दोन फरक आहेत. जागा वेगळी आणि भरायची पद्धत वेगळी. मग हा 3.6 चा फरक धारेचा की बादलीचा? सांग.”

सांगता येईना. त्या दोन बाटल्यांवरून कुणालाच सांगता येणार नाही. शिवाय ‘ब’ वर्गाला नुसता प्राणवायू पुरत नाही, बीओडी, म्हणजे घाण कुजताना खाल्ला जाणारा प्राणवायू, आणि मैल्याची खूण असलेले कोलिफॉर्म जंतूही बघावे लागतात, आणि ‘स्नानयोग्य’ हा शब्द रिझल्ट्समध्ये कुठून आला, तिथं फक्त काय दिसलं ते लिहायचं. हे सगळं त्यांनी बरोबर सांगितलं. पण आमच्या बाकावरच्या एकानं मेथड्समध्ये ‘व्हॅन डॉर्न सॅम्पलर वापरला’ असं लिहिलंय. ते यंत्र आमच्या कॉलेजात नाही. मला खात्री आहे, त्यानं नदीही पाहिलेली नाही. त्याला आठ. कारण त्याच्या उताऱ्यात एकही काका नव्हता. मी हे सरांना म्हणालो नाही, इथं म्हणतोय.

पुढच्या शनिवारी त्याच वेळी मी परत गेलो. मार्कांसाठी नाही, डोक्यातली खाज म्हणून. चार बाटल्या घेऊन (शिपाईमामांना कुंदा दिला, त्याचा उल्लेख मेथड्समध्ये करायचा का हा वेगळा प्रश्न). जुनी पँट घालून मधे गेलो. काठाला बुडवून एक, धारेत बुडवून एक, काठाचं पाणी बादलीतून ओतून एक, धारेचं ओतून एक. ओतायला अर्थात काका. मुद्दाम त्याच उंचीवरून, त्याच निळ्या बादलीतून. “मागच्या खेपेला नगो नगो करत होतास,” ते म्हणाले. म्हैस खालच्या अंगाला बांधून घेतली.

बुडवलेल्या बाटल्या: काठ 3.4, धार 4.5. ओतलेल्या: काठ 6.2, धार 6.6. म्हणजे काठ आणि धार यांच्यात फरक होता, पण ओतलं की तो जवळजवळ पुसला जातो. ओतताना पाणी हवेतून प्राणवायू घेतं आणि जिथं आणखी मावत नाही त्या पातळीकडे सरकतं. पाणी 25 अंशांचं होतं. त्या तापमानाला समुद्रकाठी ती पातळी 8.3 च्या आसपास असते. आपण अडीच हजार फुटांवर, हवा विरळ, त्यामुळे इथं सुमारे 7.6. गटारीचं पाणी असतं तरी काकांच्या बादलीनं त्याला वरच्या वर्गात घातलं असतं. आणि धारेचा खरा आकडा 4.5, म्हणजे स्नानाचं सोडाच, ‘क’ वर्गाच्या 4 च्या जेमतेम वर.

नवीन तक्ता सरांना दाखवला. त्यांनी पाच मिनिटं बघितला, “हं, असं हवं होतं” म्हणाले, आणि मार्क आधीच भरून पाठवलेत असं सांगितलं.

रविवारी तो तक्ता काकांनाही दाखवला. त्यांनी तो उलटा धरला, मी सरळ करून दिला. धारेचं पाणी काठाच्या पाण्यापेक्षा बरं निघालं, हे बोट ठेवून सांगितलं.

“म्हणजे मी बरोबर.”

“अर्धं बरोबर, काका. धारेचं बरोबर. ओतायचं चुकलं.”

“अर्धं म्हणजे दहात पाच,” काकांनी हिशेब केला. “तुला किती पडले?”